एकच फार्मासिस्ट असलेल्या मेडिकल दुकानाने उघडण्याच्या वेळा कशा बसवाव्यात: पात्रता, कागदपत्रे आणि फार्मासिस्टचे नाव लावण्याची प्रक्रिया

किरकोळ औषध विक्रीचा परवाना, म्हणजे औषधे नियम, १९४५ मधील नमुना २० आणि नमुना २१, दुकानाला मिळतो तेव्हा त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव असते. परवान्यावर नाव आहे म्हणजे अट पूर्ण झाली, असे अनेक दुकानदार प्रामाणिकपणे समजतात. नियम ६५ मात्र विचारतो तो प्रत्येक विक्रीच्या क्षणाविषयी: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः दिले पाहिजे किंवा त्याच्या व्यक्तिशः देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. त्यामुळे दुकानात एकच फार्मासिस्ट असेल आणि दुकान सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत उघडे राहत असेल, तर त्या चौदाही तासांत तो दुकानातच आहे, असे गृहीत धरले जाते. फोनवर विचारून औषध देणे किंवा चिठ्ठीचा फोटो त्याला पाठवून होकार घेणे, ही व्यक्तिशः देखरेख होत नाही.

फार्मासिस्टच्या जागी कोण उभा राहू शकतो, याचे उत्तर नेमके आहे. ज्याचे नाव राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत त्या दिवशी चालू स्थितीत आहे, तोच. वीस वर्षे काउंटर सांभाळलेला सेल्समन औषधाचा डबा डोळे मिटून काढून देईल, पण तो फार्मासिस्टच्या देखरेखीतच काम करू शकतो. डी.फार्म. उत्तीर्ण झालेला, पण कौन्सिलची नोंदणी अजून हातात न आलेला तरुणही या हिशेबात धरता येत नाही. आणखी एक गल्लत वारंवार होते. घाऊक विक्रीच्या परवान्याला ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर चालतो, आणि तोच माणूस किरकोळ दुकानातही चालेल असे मालक धरून चालतात. ती सवलत घाऊक विक्रीपुरतीच आहे.

आता एका दुकानाचा हिशेब मांडू. तालुक्याच्या गावातील एक मेडिकल आठवड्याचे सातही दिवस सकाळी ८ ते रात्री १० उघडे असते, म्हणजे आठवड्याला ९८ तास. मालक स्वतः फार्मासिस्ट आहेत. ते सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते दीड आणि सायंकाळी ५ ते साडेनऊ बसतात, म्हणजे दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ५४ तास. उरलेले ४४ तास दुकान मदतनीसाच्या भरवशावर चालते. यात दुपारची वेळ आणि संपूर्ण रविवार येतो, आणि आजूबाजूच्या दवाखान्यांतून चिठ्ठ्या तर त्या वेळीही येत असतात.

हे ४४ तास भरून काढण्याचे दोनच सरळ मार्ग आहेत. पहिला मार्ग, दुकानाची वेळच फार्मासिस्टच्या वेळेइतकी करावी. दर्शनी फलकावर सकाळी ९ ते दीड, सायंकाळी ५ ते साडेनऊ आणि रविवारी बंद, असे स्पष्ट लिहावे, त्या वेळांबाहेर औषधाचे एकही बिल काढू नये आणि बदललेल्या वेळेची लेखी माहिती जिल्ह्याच्या सहायक आयुक्त (औषधे) कार्यालयाला देऊन पोचपावती ठेवावी. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, पण पन्नास-साठ तास रीतसर चालणारे दुकान परवान्याच्या दृष्टीने सुरक्षित राहते.

दुसरा मार्ग, आणखी एका फार्मासिस्टची नेमणूक करावी. वरच्या दुकानात दुसरा फार्मासिस्ट सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते दुपारी ३ आणि मालक दुपारी ३ ते रात्री १० बसले, तर प्रत्येकी सात तासांत दिवस पूर्ण होतो, आणि रविवारी सकाळी चार तास आळीपाळीने करता येतात. आठवड्याला ८८ तास होतात आणि त्यातला एकही तास उघडा पडत नाही. दोघांपैकी एक आजारी पडला, तर त्याची पाळी दुसऱ्याने घ्यावी, नाहीतर तेवढा वेळ शटर खाली ठेवावे.

परवान्यावर दुसऱ्या फार्मासिस्टचे नाव लावण्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्यासोबत चालू परवान्याची प्रत, फार्मासिस्टच्या पदवी किंवा पदविकेची प्रमाणपत्रे, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाचा पुरावा, ओळखपत्र, छायाचित्र, मालकाने दिलेले नेमणूकपत्र आणि फार्मासिस्टचे स्वीकृतीपत्र तयार ठेवावे. नेमणूकपत्रात कामाची वेळ तासांसह लिहावी. नोंदणी दुसऱ्या राज्याची असेल, तर आधी ती येथे आणून घ्यावी, कारण फार्मसी कायदा, १९४८ मध्ये फार्मासिस्ट जेथे व्यवसाय करतो त्या राज्याच्या नोंदवहीची अपेक्षा आहे.

बहुतेक अर्ज अडकतात ते जुन्या नोकरीच्या कागदावर. फार्मासिस्टने आधीचे दुकान सोडलेले असते, पण तेथील परवान्यावर त्याचे नाव तसेच राहिलेले असते, आणि मग एकच माणूस दोन परवान्यांवर दिसतो. म्हणून राजीनामा आणि कार्यमुक्तीचे पत्र घ्यावे आणि जुन्या मालकाने नाव कमी केल्याची खात्री करून मगच अर्ज भरावा. तो अन्यत्र नोकरीत नाही, असे त्याचे प्रतिज्ञापत्रही सोबत जोडावे.

फार्मासिस्ट नोकरी सोडून गेला, तर परवान्याच्या अटीनुसार बदल एका महिन्याच्या आत कळवायचा असतो. या एका वाक्याचा चुकीचा अर्थ लावल्याने चांगली दुकाने अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. महिन्याची मुदत कळवण्यासाठी आहे. त्या महिन्यात फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचे औषध विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. शेवटचा फार्मासिस्ट ज्या दिवशी जातो, त्याच दिवसापासून दुसरा येईपर्यंत औषधांचा काउंटर बंद ठेवावा. साबण, डायपर यांसारख्या वस्तू विकता येतील, पण एकाच काउंटरवर अमुक द्यायचे आणि तमुक नाही हे मदतनीसाला पाळणे अवघड जाते, म्हणून त्या काळात पूर्ण दुकान बंद ठेवणेच मला योग्य वाटते.

गैरहजेरी कशी उघडी पडते, तेही समजून घ्यावे. निरीक्षक दुकानात आला तेव्हा फार्मासिस्ट नसणे हा एक भाग झाला, पण कागदही बोलतात. संगणकाच्या बिलावर वेळ छापलेली असते. दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी सेफिक्झिमचे बिल निघाले आहे आणि फार्मासिस्ट दीड ते पाच घरी असतो, हे त्याच्याच जबाबातून कळले, की वेगळा पुरावा लागत नाही. हे औषध अनुसूची एच-१ मधील आहे. त्यासाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. त्या नोंदी महिन्याच्या शेवटी एकाच शाईने, एका बैठकीत भरल्या असतील, तर ते पान पाहताच लक्षात येते. कोऱ्या बिलांवर आधीच सह्या करून ठेवणाऱ्या फार्मासिस्टने, आपण दिली नाहीत त्या औषधांची जबाबदारी आपण घेत आहोत, हे ध्यानात घ्यावे.

त्रुटी आढळल्यास आधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला मुदतीत, हजेरीपत्रक आणि नेमणुकीचे कागद जोडून उत्तर द्यावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर नियम ६६ नुसार परवाना काही काळासाठी निलंबित किंवा कायमचा रद्द होऊ शकतो. त्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाकडे तीन महिन्यांत अपील करता येते.