ट्रेडमिलवरच्या व्हिडिओतून केडन्स आणि पाय पडण्याची पद्धत: पार्श्वभूमी

पळणाऱ्याला बाजूने टिपायची सुरुवात 1880च्या आसपास झाली. पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी माणसाला काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढून पळवत एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रे घेतली. आजही घोट्यावर नि गुडघ्यावर चिकटपट्टीचे ठिपके लावतात, ती मूळ युक्ती ही.

पाऊल जमिनीला आधी कुठे टेकते, याची रूढ व्याख्या मात्र कॅमेऱ्यातून आली नाही. 1980मध्ये कॅव्हानाग आणि लाफॉर्च्यून यांनी दाब मोजणाऱ्या पाटावरून माणसे पळवली. पहिला दाब तळव्याच्या मागच्या, मधल्या की पुढच्या तृतीयांशात पडतो, त्यावरून टाच, मधला भाग आणि चवडा असे तीन गट पडले. असा पाट प्रयोगशाळेबाहेर दुर्मीळच. 2012मध्ये ऑल्टमन आणि डेव्हिस यांनी त्याला कोनाचा पर्याय दिला. टेकतानाच्या पावलाच्या कोनातून स्थिर उभे असतानाचा कोन वजा करायचा. उत्तर 8 अंशांहून जास्त आले तर टाच, उणे 1.6 अंशांच्या खाली गेले तर चवडा. या वजाबाकीमुळे बुटाच्या टाचेची उंची हिशेबातून निघून जाते, म्हणून ट्रेडमिलचा चढ न बदलता उभ्याची एक फ्रेम घेणे मला अत्यावश्यक वाटते.

केडन्सला, म्हणजे मिनिटाला किती पावले पडतात ते मोजायला, साधा कॅमेराही पुरतो. समजा, सेकंदाला 30 फ्रेमच्या व्हिडिओत 20 पावलांना 212 फ्रेम लागल्या. 20 × 60 × 30 भागिले 212, म्हणजे मिनिटाला साधारण 170 पावले. मोजताना एक फ्रेम इकडेतिकडे झाली तरी फरक एका पावलाहून कमी. तेच एका पावलावरून काढायला गेलात, तर 10 फ्रेम धरल्या की 180 आणि 11 धरल्या की 164.

पाऊल टेकण्याच्या क्षणाला असे सरासरीचे पांघरूण मिळत नाही. टाच टेकल्यापासून पाऊल सपाट होईपर्यंत सेकंदाचे काही शतांशच जातात आणि 30च्या व्हिडिओत दोन फ्रेममधले अंतर तीन शतांशांहून थोडे जास्त असते. टाचेवर पडणारा धावक त्यामुळे बिनदिक्कत मधल्या भागावर पडणारा ठरतो. जपानमधल्या सापोरो अर्धमॅरेथॉनमध्ये हासेगावा आणि सहकाऱ्यांनी 15 किलोमीटरवर सेकंदाला 120 फ्रेमचा कॅमेरा लावला होता. 2007मध्ये छापलेल्या त्यांच्या नोंदीत चारपैकी सुमारे तीन धावक टाचेवर पडत होते.

2014च्या आसपास फोनमध्ये 240 फ्रेम आल्या आणि ही अडचण बरीचशी मिटली. आता चूक होते ती जागेची: कॅमेरा ट्रेडमिलच्या पट्ट्याच्या उंचीवर आणि त्याला काटकोनात नसेल तर कोन खोटा येतो. प्रकाश कमी असेल तर पाऊल पुसट दिसते. तेव्हा फ्रेम वाढवून उपयोग नाही, दिवा वाढवावा लागतो.