लोडिंग डोस कशावर ठरतो, मेंटेनन्स कशावर: आमच्या फार्माकोलॉजी बॅचच्या विद्यार्थ्यांसाठी

पेपर तपासताना आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पेशंटचं क्लिअरन्स कमी झालं की मुलं लोडिंग डोसही कमी करून टाकतात, आणि तिथेच मार्क जातात. म्हणून हे एकच गणित नीट बघा.

६० किलोचा दम्याचा पेशंट, थिओफिलिनची लेव्हल १० मिग्रॅ/लिटर हवीय. Vd ०.५ लिटर/किलो म्हणजे ३० लिटर. क्लिअरन्स दिलंय ४० मिली/मिनिट. आधी युनिट बदला, ४० ला ६० ने गुणून १००० ने भागा, २.४ लिटर/तास येतं. हे न करता ४० तसंच टाकलं तर हाफ-लाइफ अर्ध्या तासाची येते, आणि थिओफिलिनसाठी एवढी कमी आली की समजायचं युनिट चुकलंय.

```
LD   = Vd × C       = 30 × 10  = 300 mg
MD   = CL × C       = 2.4 × 10 = 24 mg/h
t1/2 = 0.693 × Vd / CL         = 8.7 h
```

आता प्रश्नात औषध अमिनोफिलिन दिलं असेल तर थांबा, त्यात थिओफिलिन साधारण ८०% च असतं, म्हणून ०.८ ने भागायचं: लोडिंग ३७५ मिग्रॅ, ड्रिप ३० मिग्रॅ/तास. लोडिंग सावकाश २०-३० मिनिटांत द्यायचा, कारण पटकन दिला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे थिअरीत विचारतात. (आकडे पेपरपुरते आहेत, वॉर्डात यावरून डोस काढू नका.)

आता समजा पेशंटला सिरोसिस आहे आणि क्लिअरन्स निम्मं झालंय, १.२. रिकामी टाकी पहिल्यांदा भरायला किती पाणी लागेल हे टाकीच्या मापावर ठरतं, नळ किती गळतोय त्यावर नाही, आणि इथे Vd तेवढाच धरलाय म्हणून लोडिंग ३७५ च राहतो. ड्रिप मात्र निम्मी, १५ मिग्रॅ/तास. जुनीच ३० ची चालू ठेवली तर लेव्हल २० ला जाऊन टेकते, म्हणजे सेफ रेंजच्या अगदी टोकाला. आणि फसवणारी गोष्ट ही की हे लगेच दिसत नाही, हाफ-लाइफ १७.३ तास झालेली असते, स्टेडी स्टेटला चार-पाच हाफ-लाइफ लागतात म्हणजे जवळपास तीन दिवस, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या रिपोर्टवर सगळं आलबेल समजू नका.

अजून एक, पेशंट आधीच गोळ्या घेत असेल आणि लेव्हल ४ असेल तर पूर्ण लोडिंग द्यायचा नाही, फक्त कमी पडणारे ६ भरायचे: ३० × ६ = १८० मिग्रॅ थिओफिलिन, अमिनोफिलिनमध्ये २२५.