काटा रुतल्यावर हातावर चढणारी लाल रेघ आणि गाठींची रांग

काटा रुतल्यानंतर हातावर वर चढत जाणारे आजार मुख्यतः दोन. दोघांचाही रस्ता एकच, रसवाहिन्यांचा, म्हणजे कातडीखालून लसिका नेणाऱ्या बारीक नळ्यांचा. वेग मात्र अगदी वेगळा.

जिवाणूंचा संसर्ग घाईत असतो. एकदोन दिवसांत जखम ठणकू लागते, तिथून बगलेकडे लाल, गरम रेघ सरकते, काखेत अवधाण येतं, थंडी वाजून ताप येतो. यात त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. योग्य अँटिबायोटिकने साधारण दोनतीन दिवसांत फरक पडतो.

दुसरा स्पोरोट्रायकोसिस, हा बुरशीचा आजार. ही बुरशी माती, शेवाळ, कुजका पालापाचोळा यांत राहते आणि काट्याबरोबर कातडीखाली जाते. समजा, गुलाब छाटताना तर्जनीला काटा लागला. ओरखडा भरून येतो, माणूस विसरूनही जातो. साधारण तीन आठवड्यांनी (कधी दोनतीन महिन्यांनीही) तिथेच न दुखणारी लालसर-जांभळी गाठ येते, फुटते, पातळ स्राव येत राहतो. मग मनगटावर दुसरी, पुढे कोपराखाली तिसरी. मधली कातडी चांगली असते, पण बोट फिरवलं तर गाठींना जोडणारी दोरी हाताला लागते. ताप बहुधा नसतोच.

घोटाळा इथेच होतो. गळू समजून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा, आणि तेवढ्यात वर नवी गाठ येते. अशा वेळी औषध बदलत बसण्यापेक्षा गाठीचा तुकडा तपासायला द्यावा, आणि काटा लागल्याचं आपणहून सांगावं. तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला; दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून पाहायला. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर बुरशी मरते, कल्चरला काही उरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती पुष्कळदा सापडत नाही, कारण तुकड्यात असतेच थोडी. म्हणून ‘बुरशी दिसली नाही’ एवढ्या रिपोर्टवर थांबू नये. कल्चरमध्ये ती बहुधा एकदोन आठवड्यांत उगवते.

अर्थात रांग दिसली म्हणजे बुरशीच, असंही नाही. माशांची टाकी साफ करताना खरचटलं असेल तर क्षयाच्या जंतूंचा एक भाऊबंद अशीच रांग उठवतो. त्याचं औषध वेगळं.

बुरशी ठरली की साधारणपणे इट्राकोनाझोल, रोज 200 मिलिग्रॅम. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर ती नीट शोषली जात नाही. जखम भरल्यावरही दोन ते चार आठवडे औषध चालू ठेवतात, म्हणजे एकूण तीन ते सहा महिने. व्रण बुजला म्हणून मधेच सोडलं की गाठी परत येऊ शकतात. हृदय कमजोर असेल तर हे औषध टाळतात. गरोदरपणातही ते देत नाहीत. तेव्हा डॉक्टर गाठींना नियमित शेक द्यायला सांगतात, कारण ही बुरशी उष्णतेला कच्ची आहे, आणि गोळ्या बाळंतपणानंतर सुरू करतात.