पाश्चरायझेशनची सुरुवात दुधापासून नव्हे, वाइनपासून

"लुई पाश्चर यांनी दूध सुरक्षित करण्यासाठी पाश्चरायझेशन शोधलं, आणि त्यात दुधातले सगळे जंतू मरतात, खरं ना?"

दोन्ही गोष्टी चूक. 1863 मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चर यांना सांगितलं, की फ्रेंच वाइन आंबट, कडवट का होते ते शोधा. त्यांनी आर्ब्वा या आपल्या गावी बिघडलेली वाइन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्रत्येक बिघाडात वेगळे सूक्ष्मजीव दिसले. मग बंद बाटल्या 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवल्या, की वाइन टिकू लागली आणि चवही फारशी बदलली नाही. उकळली असती तर ती पिण्याजोगी राहिलीच नसती. 1865 मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं.

दुधासाठी हा उपाय जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी 1886 मध्ये सुचवला, तोही तान्ह्या बाळांच्या बाटलीतल्या दुधासाठी. तेव्हा क्षयग्रस्त गाईंच्या दुधातून मुलांना क्षय होत असे. म्हणून पुढे तापमान आणि वेळ ठरवताना क्षयाचा चिवट जंतू मरतो का, ही एक मुख्य कसोटी धरली गेली. आज दूध 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद ठेवून लगेच थंड करतात.

एवढ्या उष्णतेत रोगजंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू तगतात. त्यामुळे पिशवीतलं दूध फ्रिजबाहेर ठेवलं की नासतं. दूध नीट तापलं का, हे डेअरीत फॉस्फटेज चाचणीने कळतं: कच्च्या दुधात असलेलं हे विकर क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णतेलाच निकामी होतं, म्हणून ते सापडलं तर दूध कमी तापलंय किंवा त्यात नंतर कच्चं दूध मिसळलंय.