जूनची ट्रायल, मार्चचे पैसे: श्रेयाचा हिशेब कुठून आला

धुळे-जळगाव पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांना आणि आडत्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कोणालाही विचारा, गिऱ्हाईक 'नाही' क्वचितच म्हणतं. ते म्हणतं, "दिवाई होऊ दे, मंग देखसूत." ट्रायल चालू होते, चौदा दिवसांनी बंद पडते, आणि रिपोर्टात त्या माणसापुढे 'गेला' अशी खूण पडते. सात-आठ महिन्यांनी तोच माणूस पैसे भरतो. तोवर ज्या जाहिरातीमुळे तो आला होता तिचं बजेट कापलेलं असतं.

हा उशीर आळसाचा नाही, त्याला वहीचं कारण आहे. चालू वर्षाची वही अर्ध्यात टाकून दुसरीकडे जाणं म्हणजे शिल्लक, येणं-देणं, मालाचा साठा सगळं पुन्हा भरणं. त्यात जीएसटीच्या बिलाचा क्रमांक आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, म्हणून बिलांची नवी मालिका बहुतेक जण १ एप्रिललाच सुरू करतात. त्याआधीही वर्ष बदलाचा एक दिवस होताच, फक्त तो वेगळा होता. आयकरात सगळ्यांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष सक्तीचं झालं ते १९८९-९० या कर-निर्धारण वर्षापासून. तोपर्यंत कित्येक पेढ्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी चालायचं. कायदा बदलला तरी लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजणं सुटलं नाही. त्यामुळे इथल्या व्यापाऱ्याला निर्णयासाठी वर्षात दोन दारं उघडतात, एक दिवाळीच्या पाडव्याचं आणि एक एप्रिलचं. मधल्या काळात तो सॉफ्टवेअर पाहतो, पोराला वापरायला देतो आणि थांबतो.

जाहिरातीचं श्रेय मोजायची साधनं मात्र असल्या थांबण्यासाठी कधी घडलीच नाहीत.

सुरुवात टपालाने माल विकण्यापासून झाली. वर्तमानपत्रातल्या कुपनावर छोटा संकेत छापायचा, प्रत्येक वर्तमानपत्राला वेगळा. कुपन कापून ऑर्डर आली की संकेत वाचून जाहिरात ओळखायची. इथे एक चांगली गोष्ट होती: खूण ऑर्डरच्या कागदावरच असायची. माणसाने कुपन चार महिने खिशात ठेवलं तरी ती पुसली जात नव्हती.

सॉफ्टवेअरमध्ये हीच युक्ती सर्वांत सुंदर वापरली ती १९८३मध्ये आलेल्या पीसी-राईट या लेखन-प्रोग्रॅमने. बॉब वॉलेस यांनी तो 'शेअरवेअर' म्हणून दिला होता. फ्लॉपीची नक्कल कोणालाही द्या, आवडला तर ७५ डॉलर भरून नोंदणी करा. नोंदणी केली की तुम्हाला तुमचा क्रमांक मिळे. तुमच्या क्रमांकाची नक्कल कोणाकडे गेली आणि त्याने पैसे भरले, तर तुम्हाला २५ डॉलर कमिशन. ट्रायल, पैसे भरणं आणि श्रेय या तिन्हींचा धागा एका क्रमांकात ओवलेला होता. मधे किती दिवस गेले याच्याशी त्या क्रमांकाला देणंघेणं नव्हतं.

वेबवर आल्यावर हा धागा ब्राउझरच्या हवाली झाला. अर्चिन नावाच्या कंपनीने लिंकच्या शेपटीला खुणा लावायची पद्धत रूढ केली. २००५मध्ये गुगलने ती कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गुगल ॲनालिटिक्स आलं. कंपनीचं नाव मागे पडलं, पण त्या खुणांच्या सुरुवातीला येणाऱ्या utm मधल्या u मध्ये अर्चिन अजून आहे. धुळ्याच्या बाजार समितीबाहेर वाटलेल्या पत्रकावरच्या क्यूआर कोडमागे आजही अशीच शेपटी असते:

```
?utm_source=patrak&utm_medium=qr&utm_campaign=dhule_jun
```

ही खूण कुकीत साठायची, आणि जुन्या ॲनालिटिक्समध्ये ती सहसा सहा महिने टिकायची. मग मुदती आखडत गेल्या. गुगल ॲड्समध्ये क्लिकनंतर श्रेय द्यायची खिडकी मुळात ३० दिवसांची, ताणून ९०. सफारीने २०१९मध्ये पानावरच्या स्क्रिप्टने लिहिलेल्या कुकीला सात दिवसांचं आयुष्य ठेवलं. फेसबुकच्या जाहिरातींतली २८ दिवसांची क्लिकची खिडकी २०२१च्या जानेवारीत गेली आणि सात दिवस हा पायंडा पडला. यातला काही भाग खासगीपणासाठी झाला आणि तो रास्तही आहे. पण बूट विकणाऱ्याला सात दिवस पुरतात. जूनमध्ये ट्रायल घेऊन मार्चमध्ये पैसे भरणाऱ्या आडत्यासाठी ९० दिवसही कमीच.

मी जवळून पाहिलेल्या एका हिशेबाचे आकडे गोल करून मांडतो. जूनमध्ये तीस हजार रुपये खर्चून पत्रकं वाटली, १२० ट्रायल आल्या. पहिल्या ३० दिवसांत चौघांनी पैसे भरले. साडेसात हजाराला एक गिऱ्हाईक! पत्रक बंद झालं. फेब्रुवारीत चाळीस हजारांची सर्च जाहिरात चालवली, ८० ट्रायल आल्या. मार्चच्या रिपोर्टात नव्या ट्रायल ५० आणि पैसे भरणारे २४ दिसले, म्हणजे जवळजवळ निम्मे. ते सगळे चोवीस चालू जाहिरातीच्या नावावर चढले आणि ऑफिसात पेढे आले.

चूक भागाकारात होती. वर मार्चमध्ये पैसे भरणारे, खाली मार्चमध्ये ट्रायल घेणारे. दोन्ही माणसं वेगळी. जुलैत हाच भागाकार पाच टक्के दाखवत होता, कारण त्या महिन्यात ट्रायल येतात, पैसे नाही. असा आकडा मोहिमेबद्दल काही सांगत नाही, फक्त हंगाम सांगतो. तो बघून ओळखायची सोपी खूण म्हणजे मार्च-एप्रिलला दर वर्षी डोंगर आणि पावसाळ्यात दर वर्षी दरी, मग मोहीम कोणतीही असो.

नंतर त्या चोवीस जणांचे मोबाइल क्रमांक ट्रायलच्या यादीशी जुळवले, तेव्हा अकरा जण जूनच्या पत्रकाचे निघाले, आठ फेब्रुवारीच्या जाहिरातीचे आणि पाच इतर. मग ट्रायलच्या महिन्याप्रमाणे तुकड्या पाडल्या. जूनच्या १२० जणांपैकी पाडव्यापर्यंत १५ आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत ३० जणांनी पैसे भरले होते. एका गिऱ्हाइकाला एक हजार रुपये. फेब्रुवारीच्या ८० पैकी तोवर १६ झाले होते, दर अडीच हजार.

तुकडी पाडली की काम संपलं असं बरेच जण मानतात, आणि इथेच खानदेशी वही पुन्हा आडवी येते. नेहमीचा सल्ला असतो की सगळ्या तुकड्या सारख्या वयाच्या करून तोला, म्हणजे ३० दिवसांच्या जूनसमोर ३० दिवसांची फेब्रुवारी. तसं केलं तर जून ३.३ टक्के आणि फेब्रुवारी ७.५, पत्रक पुन्हा हरलं! फेब्रुवारीत ट्रायल घेणाऱ्याला एप्रिलचं दार समोर दिसत असतं, जूनवाल्याला दहा महिने लांब. म्हणून आम्ही वय टाकून दार धरलं: ट्रायलनंतरच्या पहिल्या एप्रिलच्या मध्यापर्यंत किती जणांनी पैसे भरले? जून २५ टक्के, फेब्रुवारी २०. ज्या धंद्यात निर्णयाची तारीख गिऱ्हाईक नाही, कॅलेंडर ठरवतं, तिथे एवढी एक दुरुस्ती बाकी सगळ्या गणितापेक्षा मोलाची ठरते.

पण मालक एप्रिलपर्यंत थांबत नाही, त्याला जुलैतच पत्रक छापायचं की नाही हे हवं असतं. 'अजून घेतलं नाही' म्हणजे 'घेणार नाही' नव्हे, हा पेच वैद्यकात जुना आहे. रुग्ण अजून देखरेखीखाली असताना उपचाराचा निष्कर्ष कसा काढायचा, यावर कॅप्लान आणि मायर यांनी १९५८मध्ये दिलेली रीत आजही चालते. जाहिरातीच्या बाजूने ऑलिव्हिए शापेल यांनी २०१४मध्ये उशिरा येणाऱ्या प्रतिसादाचं स्वतंत्र गणित मांडलं: माणूस घेणार का, आणि घेणार असेल तर किती दिवसांनी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. आमच्याकडे त्याची गावठी आवृत्ती आहे. मागच्या जूनला ३० दिवसांत ४ होते ते शेवटी ३० झाले, म्हणजे साडेसात पट. यंदा ३० दिवसांत ५ झाले तर अंदाज ३७-३८. मात्र त्या पाचात एक कमी-जास्त झाला की अंदाज ३० ते ४५ हलतो, म्हणून रिपोर्टात एक आकडा न देता हा पट्टाच लिहावा. आणि हे मागच्या वर्षासारखंच वर्ष असेल तर. कापसाचा भाव पडलेल्या साली पाडव्याचं दार उघडतच नाही.

हे सगळं उभं राहतं ते खूण टिकली तरच. आमचा उपाय पीसी-राईटच्याच जातीचा आहे. ट्रायल सुरू होताना लिंकची शेपटी कुकीवर न सोडता खात्याच्या नोंदीत लिहायची आणि पुढे कोणालाही ती बदलू द्यायची नाही. सेल्सचा माणूस मार्चमध्ये दुकानी जाऊन डेमो देतो, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. नाहीतर शेवटचा हात त्याचा म्हणून सगळं श्रेय त्याच्याकडे जातं.

दुसरी अडचण एकाच पेढीच्या चार ट्रायलची. चौदा दिवस संपले की पुतण्याच्या नंबरवरून पुन्हा चौदा दिवस. असे धरले तर ट्रायल फुगतात आणि टक्का विनाकारण पडतो, शिवाय पैसे भरणारी ट्रायल शेवटची असल्यामुळे पहिल्या पत्रकाचं श्रेय हरवतं. मोबाइलवर जुळवून भागत नाही, कारण पैसे भरतो तो फर्मच्या खात्यावरून. इथे जीएसटीआयएन कामाला येतो. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची आणि पुढची दहा म्हणजे पॅन. शिरपूरच्या जिनिंगवाल्याची सेंधव्याला शाखा असेल तर एक क्रमांक २७ने सुरू होतो आणि दुसरा २३ने, पण मधली दहा अक्षरं एकच. त्या दहांवर जुळवलं की पेढी एक होते, आणि तिच्या सर्वांत जुन्या ट्रायलची खूण ग्राह्य धरायची.

एवढं करूनही काही माणसं सुटतात. म्हणून पैसे भरताना एक साधा प्रश्न ठेवला आहे, 'आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?' अमळनेरच्या एका आडत्याने लिहिलं, 'भाच्यानी सांगितलं.' भाच्याच्या फर्मचा पॅन शोधला तर त्याची ट्रायल जूनची, खूण patrak. मामाच्या नोंदीत पहिल्या रकान्यात खूण रिकामीच ठेवली आहे, आणि शेजारच्या रकान्यात 'भाचा' असं लिहिलं आहे.