जंत कमी झाले की मुलं बरी झाली? पोस्टरच्या गोषवाऱ्यातली एक हमखास गल्लत

मेडिकल किंवा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी शाळेतल्या जंतांवर पोस्टर केलं, की गोषवाऱ्यात बहुतेक वेळा या धाटणीचं वाक्य असतं: 'जंतनाशक गोळीच्या एका फेरीनंतर जंतांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं, म्हणजेच अल्बेंडाझोल ५० टक्के परिणामकारक ठरलं.' स्वल्पविरामापर्यंत सगळं ठीक आहे. 'म्हणजेच' आलं की गाडी घसरते.

पहिला अर्धा भाग प्रादुर्भावाबद्दल आहे: त्या दिवशी तपासलेल्या सगळ्या मुलांपैकी किती जणांच्या शौचात जंतांची अंडी दिसली. हा शाळेचा आकडा झाला. दुसरा अर्धा भाग बरं होण्याच्या प्रमाणाबद्दल, म्हणजे क्युअर रेटबद्दल, बोलू पाहतो. त्यात फक्त अशीच मुलं धरायची ज्यांच्यात आधी अंडी होती आणि ज्यांनी गोळी खाल्ली, आणि त्यातली किती अंडीमुक्त झाली हे मोजायचं. पहिल्यात भागाकार सगळ्या शाळेने होतो, दुसऱ्यात फक्त या मुलांनी. एकावरून दुसरा काढता येत नाही.

उदाहरण करून पाहू. आकडे माझे, समजण्यापुरते. दापोली-गुहागरच्या बाजूची एक जिल्हा परिषद शाळा धरा, आणि जंत एकच धरा, हुकवर्म. ओलसर, सावलीच्या मातीत त्याच्या अळ्या टिकतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, त्यामुळे पावसाळ्यातल्या शेता-वाडीतल्या मुलांसाठी तो सोयीचा नमुना आहे. गोळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा शौचाच्या नमुन्याची डबी आणून देणारी मुलं १५०. आधी ६० मुलांत अंडी सापडली, म्हणजे ४० टक्के. नंतर ३० मुलांत, म्हणजे २० टक्के. प्रादुर्भाव निम्म्यावर आला, हे खरंच.

आता नावांच्या यादीवरून बोट फिरवत त्या ६० मुलांचं काय झालं ते पाहा. ३८ जणांची अंडी गेली, २२ जणांची राहिली. मग नंतरचे ३० कुठून आले? उरलेले ८ आधीच्या 'स्वच्छ' ९० मुलांतले आहेत. प्रमाण काढताना ही ८ मुलं मुकाट्याने बेरजेत मिसळून गेली होती. आणि ६० पैकी सगळ्यांनी गोळी खाल्लीच होती असंही नाही. हजेरीपट आणि गोळीची नोंद जुळवली तर ४८ जणांनी खाल्लेली, १२ जण त्या दिवशी आणि नंतरच्या राहिलेल्यांसाठीच्या दिवशीही गैरहजर. खाल्लेल्या ४८ पैकी ३६ अंडीमुक्त झाले. क्युअर रेट झाला ७५ टक्के. न खाल्लेल्या १२ पैकीही २ जणांत अंडी दिसली नाहीत, कारण अंडी रोज सारख्या संख्येने पडत नाहीत.

म्हणजे गोळी ७५ टक्के चालली आणि शाळेतला प्रादुर्भाव ५० टक्क्यांनीच घटला. दोन्ही आकडे बरोबर. मधला फरक गैरहजर मुलांनी आणि त्या ८ जणांनी खाल्ला. '५० टक्के परिणामकारक' म्हणून विद्यार्थी औषधावर बोट ठेवतो, तेव्हा खरा दोष गोळी न पोचण्याचा असू शकतो, आणि त्याचा उपाय वेगळा असतो.

ती ८ मुलं नव्याने लागण झालेली आहेत का? गोळीनंतर तीन आठवड्यांच्या आत तपासलं असेल तर बहुधा नाही. हुकवर्मची अळी शरीरात शिरल्यापासून अंडी दिसेपर्यंत साधारण पाच ते सात आठवडे जातात, गोल जंताला दोन-तीन महिने. मग ती कुठून आली? काटो-काट्झ पद्धतीच्या एका काचपट्टीवर जेमतेम ४१.७ मिलिग्रॅम शौच बसतं. एका ग्रॅममागची अंडी काढायला मोजलेला आकडा २४ ने गुणतात, यावरूनच नमुना किती चिमूटभर आहे ते कळतं. हलकी लागण पहिल्या काचपट्टीत सहज निसटते. काही मुलांत अळ्या गोळीच्या दिवशी शरीरात फिरत्या असतील. त्यांच्यावर आतड्यातल्या जंतांइतका परिणाम होत नाही, आणि त्या पुढे मोठ्या होतात.

म्हणून दोन आकड्यांच्या वेळाही वेगळ्या. औषध चाललं का, हे पाहायचं तर दोन ते तीन आठवड्यांनी तपासायचं. ऑगस्टच्या फेरीत हा हिशोब कोकणात नेमका गणपतीत जाऊन बसू शकतो. शाळा बंद, मुलं आरत्यांच्या गडबडीत, डब्या कोण आणणार? मग 'फेब्रुवारीच्या फेरीआधी बघू' असं ठरतं. सहा महिन्यांनी आलेला प्रादुर्भाव उपयोगी आकडा आहे, पण तो त्या मातीत मुलं पुन्हा किती लागण घेतात हे सांगतो. त्याला क्युअर रेट म्हणणं साफ चूक.

घट दिसते पण झालेलीच नसते, असाही एक प्रकार आहे आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो. काटो-काट्झच्या काचपट्टीतलं ग्लिसरीन हुकवर्मची पातळ कवचाची अंडी विरघळवल्यासारखी दिसेनाशी करतं. अर्धा ते एक तासात पाहायलाच हवं. पहिल्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक लावला आणि दुसऱ्या वेळी काचपट्ट्या एसटीने कॉलेजात नेऊन संध्याकाळी पाहिल्या, तर हुकवर्म कागदावरून गायब. ओळखायचं कसं? ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल गोल जंतावर सर्वांत चांगलं चालतं, हुकवर्मवर त्याहून थोडं कमी, चाबूकजंतावर फार कमी. त्यामुळे हुकवर्म जवळजवळ संपला आणि गोल जंत मात्र तसाच राहिला, असं निघालं तर औषधाचं कौतुक करण्याआधी काचपट्टी पाहिल्याची वेळ तपासावी. याच कारणासाठी तिन्ही जंत एका 'जंत असलेली मुलं' या रकान्यात कोंबू नयेत.

वरच्या शाळेचा निकाल गोषवाऱ्यात असा बसेल, आणि शब्दमर्यादेतही: 'दोन्ही वेळा नमुना दिलेल्या १५० मुलांत हुकवर्मचा प्रादुर्भाव ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला (गोळीनंतर तिसरा आठवडा, प्रत्येकी एक काटो-काट्झ काचपट्टी, तासाभरात वाचन). आधी लागण असलेल्या ६० पैकी ४८ मुलांनी गोळी घेतल्याची नोंद होती. त्यांतील ३६ अंडीमुक्त झाली (क्युअर रेट ७५ टक्के). आधी अंडी न आढळलेल्या ९० पैकी ८ मुलांत नंतर अंडी आढळली.'