हुकलेल्या तिमाहीचा खुलासा: तूट नेमकी कुठे सुरू होते

तिमाहीचं टार्गेट हुकलं की भागीदारांना एक टिपण जातं. किती कमी पडलो, का पडलो आणि आता काय करणार, एवढंच त्यात असतं. अशी बरीच टिपणं मी वाचली आहेत आणि काही लिहिलीही आहेत. ती बहुतेक वेळा मधल्या भागात, म्हणजे कारणांमध्ये फसतात. बाजार थंड होता, ऑर्डरी पुढे गेल्या, स्पर्धकाने भाव पाडले, हे सगळं खरं असतं. पण तुटीचा मोठा हिस्सा कित्येकदा आधीच्याच तिमाहीत तयार झालेला असतो, आणि त्याबद्दल टिपणात अक्षरही नसतं.

हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. 1923 हे अमेरिकेतल्या मोटार उद्योगासाठी तेजीचं वर्ष होतं. त्याच भरवशावर जनरल मोटर्सच्या विभागांनी 1924 साठी उत्पादन जोरात ठेवलं. कारखान्यातून गाडी डीलरकडे गेली की ती विक्री धरली जाई, त्यामुळे कागदावर सारं ठीक दिसत होतं. वसंतात कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन आणि हिशेबाची घडी बसवणारे डोनाल्डसन ब्राउन डीलरांच्या भेटीला निघाले. सेंट लुईसपासून पुढे त्यांना डीलरांच्या आवारांत न विकलेल्या गाड्यांच्या रांगा दिसल्या. स्लोननी उत्पादन कमी करण्याचा हुकूम दिला. पुढे डीलरांकडून दर दहा दिवसांनी प्रत्यक्ष विक्री आणि शिल्लक साठा यांचे अहवाल मागवण्याची पद्धत पक्की झाली, आणि नव्या गाड्यांच्या नोंदणीचे आकडेही ताडून पाहिले जाऊ लागले. ‘पाठवलं’ आणि ‘विकलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून हिशेबाच्या रचनेतच आलं.

तरीही चूक पुन्हा होते, कारण तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात माल पुढे ढकलणं फार सोपं असतं. डीलरला जास्त सूट द्यायची, पैसे भरायला मुदत वाढवून द्यायची, की आकडा भरला. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या सनबीम या अमेरिकन कंपनीने 1997 मध्ये अंगणात स्वयंपाक करायच्या ग्रिलची बिलं हंगामाच्या कितीतरी आधीच दुकानदारांच्या नावे केली. काही माल तर बिल झाल्यावरही कंपनीच्याच व्यवस्थेत पडून होता. पुढच्या वर्षी ती विक्री अर्थातच दिसेना, आणि 2001 मध्ये कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. प्रामाणिक धंद्यातही याचं सौम्य रूप घडतं. कोणी फसवत नसतं, प्रत्येकाला फक्त महिनाअखेर गाठायची असते.

आता हे आकड्यांत मांडू. समजा टार्गेट 1,200 नगांचं होतं आणि माल गेला 960. तूट 240. आधीच्या तिमाहीत आपण 1,150 नग पाठवले, पण डीलरांनी ग्राहकांना विकले 1,020. म्हणजे 130 नग गोदामांत वाढले. या तिमाहीत डीलरांनी आधी तो साठा संपवला आणि आपल्याकडून तेवढंच कमी उचललं. ग्राहकांनी प्रत्यक्षात घेतले 960 अधिक 130, म्हणजे 1,090. बाजार ‘पडला’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, कारण शेवटच्या टोकाला मागणी 70 नगांनी वाढली होती. उरलेल्या 110 पैकी 70 नगांच्या ऑर्डरी लांबल्या आणि 40 नगांचे ग्राहक दुसरीकडे गेले. ‘लांबल्या’ हा शब्द फक्त त्याच ऑर्डरींना लावावा, ज्यांची नवी तारीख ग्राहकाने लेखी दिली आहे. बाकीच्या गेल्या असंच धरावं.

सुधारित आराखडा या फोडीतूनच निघतो. पुढच्या तिमाहीचं मूळ टार्गेट 1,250 होतं. त्यात 240 मिळवून 1,490 मागणं हा नेहमीचा मोह, आणि तोच सर्वांत घातक, कारण तो पुन्हा गोदामं भरायला लावतो. त्या 130 नगांची भरपाई करायचीच नाही, कारण ते विकून झाले आहेत आणि त्यांचं उत्पन्न मागच्या तिमाहीत धरलेलं आहे. गेलेल्या 40 नगांसाठी नवे ग्राहक शोधायचे, पण आराखड्यात त्यांची किंमत शून्य. राहिली ग्राहकांची खरी मागणी 1,090 आणि लांबलेले 70, म्हणजे 1,160. भागीदारांना हा आकडा 1,250 पेक्षा कमी आहे हे स्पष्ट सांगावं लागतं, आणि खर्चही त्याच मापाने कापावा लागतो.

टिपणात आणखी एक तारीख हवी: तूट आपल्याला कधी कळली. सहाव्या आठवड्यात डीलरांकडे नेहमीच्या चार आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांचा साठा दिसत असेल आणि खुलासा तेराव्या आठवड्यानंतर जात असेल, तर भागीदारांचा पहिला प्रश्न मधल्या सात आठवड्यांबद्दलच असतो. म्हणून सुधारित आराखड्यात मी तपासणीचा दिवसही घालतो. सहाव्या आठवड्याच्या शेवटी डीलरांकडचा साठा पाच आठवड्यांच्या वर गेला, तर माल पाठवणं त्याच दिवशी कमी होईल आणि 1,160 चा आकडा तेव्हाच खाली आणून कळवला जाईल.